तीन ओळींत टेंभुर्णी

आमच्या अभ्यासिकेची मेल साडेपाचशे शब्दांची आहे आणि तिच्यातली विनंती पाचशेविसाव्या शब्दाच्या आसपास सुरू होते. तिथपर्यंत पोचलेला वाचक अजून आमच्या पाहण्यात नाही. गावातून शिकून पुण्या-मुंबईला गेलेल्या, मोठमोठ्या कंपन्यांत बसलेल्या सगळ्या मुलांना ती पाठवली. एकाचं उत्तर आलं. पण ते त्याच्या वतीने मशीनने दिलेलं होतं. साहेब रजेवर आहेत, सोमवारी भेटतील. तात्यांनी, म्हणजे आमच्या अध्यक्षांनी, ते उत्तर बैठकीत वाचून दाखवलं आणि म्हणाले, "बघा, रजेवर असूनसुद्धा पोराने उत्तर दिलं. संस्कार म्हणतात ते हेच."

मेल लिहायचं काम चिटणीस म्हणून माझ्याकडे आलं, कारण माझं अक्षर चांगलं आहे. मेलमध्ये अक्षराचा काय संबंध, हा प्रश्न बैठकीत कुणी विचारला नाही आणि मीही सुचवला नाही. मानाचं काम असं कारणं विचारून गमवायचं नसतं.

मेल अशी. विषय : विनंतीबाबत. कसली विनंती, ते आत. आत पहिलं वाक्य : 'सर्वप्रथम आपणांस व आपल्या कुटुंबीयांस नूतन वर्षाच्या हार्दिक शुभेच्छा.' मेल जानेवारीत लिहिली होती आणि आखाजी उलटून गेली तरी आम्ही तीच पाठवत होतो, त्यामुळे काहींना नूतन वर्ष मे महिन्यात मिळालं. मग गावाचं वर्णन. मग 'ज्ञान हीच खरी संपत्ती' वगैरे एक परिच्छेद, हा समितीतल्या गुरुजींचा. मग अध्यक्ष, उपाध्यक्ष, खजिनदार, सल्लागार आणि अभ्यासिकेला खोली देणारे अण्णा यांची नावं, प्रत्येकाच्या नावामागे दोन-दोन विशेषणं. आणि शेवटी : 'तरी आपण आपल्या परीने शक्य ते सहकार्य करून उपकृत करावे.'

मे महिन्यात लग्नाला आलेल्या माझ्या भाच्याला मी ही मेल मोठ्या हौसेने दाखवली. तो पुण्यात नोकरीला आहे. त्याने अंगठ्याने स्क्रीन वर सरकवायला सुरुवात केली आणि बराच वेळ सरकवतच राहिला, विहिरीतून दोर ओढावा तसा. मग म्हणाला, "मामा, तुम्हाला नेमकं काय पाहिजे?"

"लॅपटॉप. जुने चालतील."

"मग यात लॅपटॉप कुठंय?"

शोधला. खरंच नव्हता. साडेपाचशे शब्दांत 'ज्ञान' अकरा वेळा होतं, 'लॅपटॉप' एकदाही नव्हता. गुरुजींना विचारलं तर ते म्हणाले, "असं थेट मागणं बरं दिसत नाही. समजणाऱ्याला समजतं." पुण्यातल्या माणसाने 'शक्य ते सहकार्य' यावरून पंधरा इंची स्क्रीनचा अंदाज बांधायचा, अशी ती योजना होती.

गरज मात्र खरी आहे. तलाठी भरतीची परीक्षा २०२३ साली कॉम्प्युटरवर झाली. प्रश्न स्क्रीनवर, उत्तर माऊसने, कोपऱ्यात उलटं धावणारं घड्याळ. आमची पोरं उत्तरात हुशार आहेत, पण घड्याळ धावताना बघून त्यांचा हात माऊसवर थिजतो. सराव हवा, आणि अभ्यासिकेत कॉम्प्युटर एकच. त्यावरही तात्या दुपारी जालन्याच्या मोंढ्यातले सोयाबीनचे भाव बघतात.

भाचा म्हणाला, "मेल राहू द्या. व्हॉट्सॲपवर आणि लिंक्डइनवर तीन ओळींचा मेसेज पाठवा. पहिल्या ओळीत आपण कोण आणि त्याचा-आपला संबंध काय. दुसऱ्या ओळीत अडचण. तिसऱ्या ओळीत एकच प्रश्न, ज्याचं उत्तर त्याला चहा पिता पिता देता येईल. बस."

एवढं बोलून तो वऱ्हाडात गेला आणि आम्ही बैठक बोलावली.

पहिला वाद ओळीवरच झाला. ओळ म्हणजे किती? खजिनदारांच्या फोनवर अक्षर मोठं करून ठेवलेलं असतं. त्यांच्याकडे 'टेंभुर्णी सार्वजनिक अभ्यासिका' हीच तीन ओळींत मावते. त्यांच्या हिशेबाने मेसेज तिथेच संपला. शेवटी ओळ म्हणजे वाक्य, असं ठरलं. ही व्याख्या ऐकून गुरुजींचा चेहरा उजळला, तेव्हाच आम्ही सावध व्हायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी तीन वाक्यं आणली. त्यातलं पहिलं असं होतं : 'टेंभुर्णी हे जाफराबाद तालुक्यातील एक जागृत गाव असून, येथील अभ्यासिका ही अनेक वर्षांपासून कार्यरत असून, तिचे अध्यक्ष हे स्वतः एक प्रगतिशील शेतकरी असून, खोली उपलब्ध करून देणारे दानशूर व्यक्तिमत्त्व हे...' मराठीत 'असून' नावाची सोय आहे तोवर कोणतीही मेल एका वाक्यात बसवता येते. गुरुजींनी मेलमधला एकही शब्द सोडला नव्हता, फक्त पूर्णविराम काढले होते.

मग कापाकापी सुरू झाली, आणि आमच्या ध्यानात आलं की ही मेल एवढी वाढली ती लिहिणाऱ्याच्या हौसेने नव्हे. तिच्यातलं एकेक वाक्य म्हणजे समितीतला एकेक माणूस होता. 'दानशूर' काढला की अण्णा जातात. अण्णा गेले की खोली जाते. 'ज्ञान हीच संपत्ती' काढलं की गुरुजी बैठकीला यायचे थांबतात. उपाध्यक्षांच्या नावामागचं 'युवा नेतृत्व' मी हळूच खोडलं, तर ते पन्नाशीचे गृहस्थ म्हणाले, "कामून काढलं ते? कुणी काही बोललं का?"

भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, "मामा, वाचणारा हिंजवडीत लिफ्टमध्ये उभा आहे. त्याला उपाध्यक्ष काय करायचेत?"

हे वाक्य उपाध्यक्षांपर्यंत जसंच्या तसं पोचवणं शक्य नव्हतं. मी सांगितलं, "पुण्याहून निरोप आहे की मोठी नावं पहिल्याच मेसेजमध्ये उघड करू नयेत." हे मात्र सगळ्यांना पटलं. अण्णा तर म्हणाले, "माझंही गुप्तच ठेवा." अशा रीतीने एका दुपारीत पाच माणसं, दहा विशेषणं आणि गावाचा इतिहास मेसेजबाहेर गेला, आणि कुणाचाही मान गेला नाही.

शुभेच्छा मात्र कुणी सोडेना. "नुसतं मागायचं? आधी चार शब्द नकोत का?" हा गुरुजींचा मुद्दा. त्यावर भाच्याने हिशेब मांडला. फोन आणि लिंक्डइन मोजतात ती आपली बाराखडीतली अक्षरं नव्हेत. त्यांच्या लेखी काना वेगळा, मात्रा वेगळी, अनुस्वार वेगळा आणि जोडाक्षराचा पाय मोडला तर त्याचेही वेगळे पैसे. 'टेंभुर्णी' डोळ्याला तीन अक्षरं दिसतं, पण यंत्राच्या वहीत ते नऊ लागतं. साध्या एसएमएसमध्ये देवनागरी असेल तर एका मेसेजला सत्तरच अक्षरं मिळतात, आणि आमचं 'सर्वप्रथम आपणांस व आपल्या कुटुंबीयांस नूतन वर्षाच्या हार्दिक शुभेच्छा' हे मोकळ्या जागा नि पूर्णविराम धरून बरोबर सत्तर भरतं. म्हणजे आमचा अख्खा मेसेज वाचणाऱ्याच्या बायकोमुलांनाच पोचला असता. लॅपटॉप पुढच्या मेसेजमध्ये.

व्हॉट्सॲपवर तसा जागेचा तोटा नाही, तिथे पोथी पाठवली तरी जाते. पण मेसेज लांब झाला की खाली 'आणखी वाचा' येतं, आणि 'आणखी वाचा' म्हणजे घरच्या माणसाच्या मेसेजपुरतंच बरं. त्याहून वाईट म्हणजे मेसेज न उघडता यादीत त्याचं फक्त तोंड दिसतं. आमच्या मेसेजचं तोंड 'सर्वप्रथम आपणांस व आपल्या' इथे संपत होतं. सकाळी सूर्योदय, गुलाब आणि सुविचार पाठवणारे आत्तेमामे प्रत्येकाला असतातच. आमची अभ्यासिका त्या गर्दीत गुलाबांमागे जाऊन उभी राहिली.

शेवटी गुरुजी 'नमस्कार' या एका शब्दावर तयार झाले. त्यांचंच एक म्हणणं मला पटलं, तेही सांगतो. जुन्या पत्रांत 'शि. सा. न. वि. वि.' असायचं. शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष, हे सगळं पाच टिंबांत उरकून लोक पुढच्या ओळीला बैल आजारी आहे हे सांगत. मायना आखडायचा आणि मजकूर मोकळा सोडायचा ही रीत आपलीच होती. आम्ही मधेच कुठे तरी उलटं शिकलो.

आता एक दुसराच धोका समोर आला. नुसतं 'नमस्कार सर' पाठवून उत्तराची वाट बघायची, अशी युक्ती खजिनदारांनी परस्पर करून पाहिली. त्यांचं म्हणणं, समोरचा 'बोला' म्हणाला की मग सांगू. अनोळखी नंबरवरून नुसता 'नमस्कार सर' आला की आजकाल माणूस बँकेचं खातं तपासतो. व्हॉट्सॲप त्याला तिथेच 'ब्लॉक करायचंय का' असंही विचारतं. खजिनदारांना तीन जणांनी ब्लॉक केलं. त्यातला एक त्यांचा चुलतपुतण्या होता.

पुढची युक्ती तात्यांची. "एकेकाला कशाला? ब्रॉडकास्ट करू. एक दाब, सगळ्यांना." केलं. सगळीकडे एकच बारीक टिक, ती काही दोन होईना. तात्या म्हणाले, पुण्यात रेंज नसेल. दोन दिवसांनी कळलं की ब्रॉडकास्टचा मेसेज ज्याने आपला नंबर साठवून ठेवलाय त्यालाच पोचतो. तात्यांचा नंबर पुण्यात कुणीच साठवलेला नव्हता, ही बातमी गावात पसरू न देण्याची जबाबदारी चिटणीसांवर आली.

मग उपाध्यक्षांनी तोच मेसेज 'फॉरवर्ड' केला. त्याच्या डोक्यावर 'फॉरवर्डेड' असा शिक्का बसला. तो शिक्का बसला की माणूस समजतो, हे लिंबूपाण्याने मधुमेह बरा करणाऱ्यांपैकी. म्हणून कॉपी करून पाठवायचं ठरलं. कॉपीत शिक्का बसत नाही, पण आधीच्या माणसाचं नाव तसंच राहतं. त्यामुळे गावच्या एका मुलीला, जी आता एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे, 'नमस्कार बंडूदादा' असा मेसेज गेला. तिचं उत्तर मात्र आलं : 'काका, मी बंडूची बहीण. त्याला देते.' इतक्या खटपटीतला तो पहिला जिवंत प्रतिसाद.

लिंक्डइनचं प्रकरण वेगळं. तिथे ओळख नसलेल्या माणसाला आधी हात पुढे करावा लागतो आणि त्यासोबत चिठ्ठी जोडता येते. फुकटच्या खात्याला चिठ्ठीत दोनशे अक्षरं, पैसे भरणाऱ्याला तीनशे. आणि फुकटवाल्याला अशा चिठ्ठ्या महिन्याला मोजक्याच. म्हणजे वाया घालवायला नाहीत. पण खरी अडचण माणूस सापडण्याची. गावात ज्याला आपण जन्मभर 'गोट्या' म्हणालो त्याचं कागदावरचं नाव काय, हे शोधायला त्याच्या आईकडे जावं लागतं. आई म्हणते, "कशाला पाहिजे? पोलीस आलेत का?" नाव मिळालं तरी तिथल्या फोटोत गोट्या निळ्या कोटात हाताची घडी घालून उभा असतो. त्याला 'अरे' म्हणावं की 'अहो', यावर बैठकीत दोन तट पडले. 'अहो'वाले जिंकले, पण गुरुजी शेवटपर्यंत म्हणत होते, "मी याचा कान धरलाय."

भाच्याने लिंक्डइनसाठी ही चिठ्ठी बसवून दिली :

'नमस्कार, मी टेंभुर्णीचा (जि. जालना), तुमच्याच शाळेचा. गावच्या अभ्यासिकेसाठी जुने लॅपटॉप हवेत. तुमच्या कंपनीत हे कोण बघतं, तेवढं सांगाल?'

यंत्राच्या मोजणीने एकशे पस्तीस. दोनशेच्या आत ऐसपैस. तात्यांनी उरलेल्या पासष्टांत आपलं नाव बसेल का म्हणून चाचपून पाहिलं.

यात 'जि. जालना' आहे, त्याला कारण आहे. आधीच्या मसुद्यात अक्षरं वाचवायला तो काढला होता. दुसरं टेंभुर्णी सोलापूर जिल्ह्यात, माढा तालुक्यात, पुणे–सोलापूर हमरस्त्यावर. पुण्यातल्या माणसाला टेंभुर्णी म्हटलं की तेच आठवतं. एका सद्गृहस्थाचा, जो आमच्या गावचा नव्हे पण कुणाच्या तरी ओळखीतला, खुशीत फोन आला : "शनिवारी सोलापूरला चाललोय, चहाला थांबतो तिथे देऊन टाकतो. नेमके कुठे आहात?" आम्ही नेमके मधल्या बीड जिल्ह्याच्याही पलीकडे होतो. त्यांनी लॅपटॉप परत पुण्याला नेला. कापायचं असेल ते कापावं, जिल्हा कापू नये.

त्या चिठ्ठीतल्या तिसऱ्या वाक्यावर मात्र सगळी समिती नाराज होती. "लॅपटॉप मागायचेत तर 'कोण बघतं' काय विचारायचं? 'द्या' म्हणा ना." यावर भाच्याने जे सांगितलं ते मी लिहून घेतलं. कंपनीतला लॅपटॉप गोट्याच्या मांडीवर असला तरी तो गोट्याचा नसतो. जुना झाला की तो कंपनीतल्या एका वेगळ्या खात्याकडे जमा होतो. तिथे त्यातली माहिती पुसतात, मग बहुतेक माल ई-कचऱ्याच्या नियमांप्रमाणे नोंदणीकृत रीसायकलवाल्याकडे जातो. संस्थेला देणगी द्यायची तर त्याची मंजुरी आणखी कुणाच्या तरी टेबलावर. गोट्याला 'लॅपटॉप द्या' म्हटलं तर तो गप्प बसणार, कारण त्याच्या हातात काहीच नाही आणि गावाला 'नाही' म्हणायची त्याला लाज वाटते. 'कोण बघतं' एवढंच विचारलं तर एक नाव सांगून तो मोकळा होतो, वर गावासाठी काही केल्याचं समाधानही मिळतं.

व्हॉट्सॲपला, जिथे ओळख होती तिथे, हीच तीन वाक्यं थोडी सैल केली :

'नमस्कार बंडूदादा, मी टेंभुर्णीहून (जि. जालना) अभ्यासिकेचा चिटणीस, तुमच्या वडिलांकडून नंबर घेतला.
भरतीच्या परीक्षा आता कॉम्प्युटरवर होतात आणि इथे तीसेक मुलांत सरावाला कॉम्प्युटर एकच आहे.
तुमच्या कंपनीतून वापरातून काढलेले लॅपटॉप संस्थेला मिळतात का, आणि त्यासाठी कुणाशी बोलायचं?'

'वडिलांकडून नंबर घेतला' हे तीन शब्द मी आग्रहाने ठेवले. अनोळखी नंबरची भीती तिथे मोडते, आणि उत्तर दिलं नाही तर गोष्ट कुठपर्यंत जाईल हेही मुलाला नम्रपणे कळतं.

बंडूदादाचं उत्तर तासाभरात आलं. एक उभा अंगठा. त्यावर बैठक झाली. खजिनदारांच्या मते 'मिळतील'. उपाध्यक्षांच्या मते 'वाचलं'. गुरुजींच्या मते अंगठा दाखवणं हा उघड उघड अपमान. संध्याकाळी त्याने एका मॅडमचं नाव आणि मेलचा पत्ता पाठवला आणि लिहिलं, 'मी यांच्याशी बोललोय, आता तुम्ही यांना सविस्तर मेल करा. संस्थेची माहिती, पदाधिकारी, सगळं येऊ द्या.'

बैठकीत जो आनंद झाला तो लॅपटॉप मिळाल्यावरही होईल की नाही, शंका आहे. पदाधिकारी! सगळं येऊ द्या! 'दानशूर' परत आला, 'युवा नेतृत्व' परत आलं. मी फक्त एवढंच केलं, पहिल्या ओळीत 'लॅपटॉप' टाकला आणि नूतन वर्ष काढलं.

मॅडमचा एकच प्रश्न आला : संस्थेकडे ८० जी आहे का? तात्या म्हणाले, "सांग त्यांना, सध्या गावात फोर जीच आहे." ते आयकराचं कलम निघालं. देणाऱ्याला करात सवलत मिळावी म्हणून संस्थेने घ्यायची मान्यता. आमच्याकडे ती नाही. तिच्या अर्जासाठी खजिनदार आता जालन्याला खेटे घालताहेत, आणि तोवर मॅडमनी स्वतःच्या घरचा एक जुना लॅपटॉप कुरिअरने पाठवला आहे. तो चांगला चालतो, म्हणजे चालेल असं वाटतं. त्याच्याबरोबर चार्जर आलेला नाही.

तेव्हा वाचकहो, दोनच विनंत्या. असा तीन ओळींचा मेसेज आला तर 'नाही' असलं तरी 'नाही' लिहा, दोन निळ्या टिका दाखवून पळू नका. आणि लॅपटॉप देणार असाल तर चार्जरसकट द्या.